काकांची चूक दाखवली आणि घर फुगलं: उधारी, रिपोर्ट आणि घरचा धंदा

प्रश्न: "बाबा आणि काका दोघांचा मिळून धंदा आहे. मी ३ वर्षं अकाउंट्स बघते, वसुली काकांकडे आहे. येणी फार वाढली म्हणून सोमवारच्या मीटिंगला मी थकलेल्या पार्ट्यांचा रिपोर्ट लावला. काका म्हणाले 'आता तू मला धंदा शिकवणार का' आणि उठून गेले. ३ आठवडे झाले, माझ्याशी कामापुरतंच बोलतात, काकू आईशी धड बोलत नाहीत. बाबा म्हणतात माफी माग आणि विषय सोड. पण आकडे खरे आहेत हो. माझं नेमकं काय चुकलं आणि आता काय करू?"

उत्तर:

माफी माग, पण ती आकड्यांची नको, जागेची माग. बाबांनी दोन गोष्टी एकत्र बांधल्यात, माफी आणि विषय सोडणं, त्या आधी सुट्या कर. काकांना एकटं गाठ, त्यांच्या केबिनमध्ये किंवा गाडीत, घरी नको, आणि एवढंच म्हण की काका, स्टाफसमोर तो कागद लावायला नको होता, आधी तुम्हाला दाखवायला हवा होता, चुकलं माझं. आणि थांब. "पण" म्हणू नकोस. त्या वाक्यापुढे "पण" आला की माफी संपली आणि भांडण परत सुरू झालं. ते म्हणतील "जाऊ दे", किंवा काहीच म्हणणार नाहीत, किंवा अजून दहा मिनिटं सुनावतील, तिन्ही चालेल. उधारीचा विषय त्या दिवशी अजिबात काढू नकोस, आठवडाभर तरी नाहीच.

हे एवढ्या खात्रीने सांगतोय कारण मी स्वतः १४ वर्षं घरच्याच धंद्यात मोठ्या भावाच्या हाताखाली होतो आणि त्यानंतर ११ वर्षं असेच घरचे धंदे असलेल्या लोकांचे हिशोब आणि कामाची वाटणी लावून द्यायचं काम करतोय. तुझ्यासारखंच मी एकदा दादाला एका सप्लायरसमोर सांगितलं होतं की दादा, हा रेट मागच्या वेळेपेक्षा जास्त लावलाय. बरोबर होतो मी. दादा हसून म्हणाला "हो रे, बरोबर आहे तुझं", सप्लायरने रेट कमी पण केला, मी खुश. त्यानंतर ४ महिने खरेदीची एकही फाइल माझ्या टेबलावर आली नाही. भांडण नाही, आवाज नाही, फाइल येणंच बंद. तुझे काका निदान उठून तरी गेले, ते बरं, कळलं तरी कुठे लागलं ते.

आता नेमकं काय चुकलं ते बघू. हार्वर्डमध्ये रेनाटो टॅगियुरी आणि जॉन डेव्हिस या दोघांनी १९७८ साली एक साधं चित्र काढलं, एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं. एक कुटुंबाचं, एक मालकीचं, एक धंदा चालवण्याचं. घरच्या धंद्यातला प्रत्येक माणूस यातल्या कुठल्या ना कुठल्या तुकड्यात बसतो. तुझे काका तिन्हीत आहेत. तू दोनात, कुटुंब आणि काम, मालकीत अजून नाहीस (हिस्सा नावावर झाला नसेल असं धरतोय). मग झालं असं की तू बोललीस कामाच्या वर्तुळातून, अकाउंट्सवाली म्हणून वसुलीवाल्याशी. काकांनी ऐकलं ते मात्र दुसऱ्याच दोन वर्तुळांतून: मालकाला नोकरांसमोर प्रश्न विचारला, आणि भावाच्या मुलीने विचारला. तिसरं, म्हणजे वसुलीवालं वर्तुळ, त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. म्हणून उत्तरसुद्धा वसुलीबद्दल आलं नाही, "आता तू मला शिकवणार" असं आलं, म्हणजे नात्याबद्दल आलं.

याच दोघांनी अजून एक गोष्ट मांडली ती मला जास्त कामाची वाटते, की घरच्या धंद्याचे जे फायदे तेच त्याचे तोटे, वेगळे काढता येत नाहीत. आयुष्यभराची ओळख आहे म्हणून अर्ध्या शब्दात काम होतं, आणि तीच ओळख आहे म्हणून तू दुसरीत असताना पाटी हरवली होतीस तेही आज मीटिंगमध्ये निघू शकतं. त्यामुळे लोक जे सांगतात ना की "धंदा वेगळा आणि घर वेगळं ठेवा", ते ऐकायला छान आहे, मला मात्र २५ वर्षांत ते जमलेलं एकही घर दिसलेलं नाही. काका ऑफिसात शिरताना काकापण दाराबाहेर चपलेसारखं काढून ठेवत नाहीत, तू पण पुतणीपण ठेवत नाहीस. वेगळं करण्याच्या मागे लागू नकोस, टीका कुठे आणि कशावर पडते तेवढं बदल, ते हातात आहे.

कशावर पडते यावर एक अभ्यास सांगतो, कारण तो वाचल्यावर माझे स्वतःचे रिपोर्ट बदलले. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने प्रयोग गोळा करून त्यांचा एकत्र हिशोब मांडला, ६०० च्या वर निकाल होते त्यात. सरासरीने फीडबॅकने काम सुधारतं असंच निघालं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅक दिल्यावर काम आधीपेक्षा बिघडलं. त्यांचं म्हणणं असं की फीडबॅकने माणसाचं लक्ष कामावरून उठून "मी कसा आहे" याकडे गेलं की त्याचा उपयोग कमी होत जातो. नात्याबाहेरच्या माणसांचं हे असं, मग घरच्या धंद्यात काय होत असेल बघ, तिथे लक्ष कामावरून माणसावर जायला काही लागतच नाही.

तर आता तुझा रिपोर्ट काढ आणि वर हेडिंग काय आहे ते वाच. तू लिहिलं नाहीस पण मी पैज लावतो की त्यात पार्टीचं नाव आहे, थकलेली रक्कम आहे, आणि कुठेतरी "कोणाची पार्टी" किंवा "जबाबदार व्यक्ती" असा रकाना आहे आणि त्यात खालपर्यंत काकांचं नाव आहे. किंवा तो रकाना नसेल तरी सगळ्या स्टाफला माहिती आहे की वरच्या दहातली आठ नावं काकांच्या मित्रांची आहेत. म्हणजे कागदावर आकडे होते, पण काकांना जे वाचायला मिळालं ते असं: तुम्हाला माणसं ओळखता येत नाहीत. आणि वसुलीवाल्या माणसाने ३० वर्षं जे कमावलेलं असतं ते नेमकं हेच असतं, माणूस ओळखणं. तू त्यांच्या हिशोबावर नाही, त्यांच्या नजरेवर बोट ठेवलंस, तुला कळलंही नाही.

आता एक केस सांगतो, नावगाव बाजूला ठेवून. सुटे भाग पुरवायचा धंदा, दोन भाऊ मालक, धाकटा वसुली बघायचा, थोरल्याचा मुलगा अकाउंट्समध्ये. जवळपास तुझंच घर. त्या पुतण्याने मला बोलावलं तेव्हा घरात दीड महिना अबोला होता. आकडे सोपे करून देतो, वर्षाची विक्री १२०० धर. बाहेर अडकलेली येणी ३००. येणी भागिले विक्री गुणिले ३६५ केलं की ९१ दिवस येतात, म्हणजे माल गेल्यावर पैसा सरासरी तीन महिन्यांनी येतोय. बिलावर मुदत छापलेली ४५ दिवसांची. ४५ दिवसांत पैसा आला असता तर बाहेर साधारण १४८ च असते, म्हणजे वरचे १५२ उगाच बाहेर. तेवढ्यासाठी बँकेचा ओव्हरड्राफ्ट वापरत होते, व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला १८. त्या धंद्यात नफा विक्रीच्या ६ टक्के होता, म्हणजे ७२. त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी रक्कम नुसत्या उशिरापायी व्याजात जात होती. पुतण्याला हे दिसत होतं आणि झोप येत नव्हती, त्याला दोष नाही देत मी, तुझंही तेच झालं असणार.

मी त्याला सांगितलं की आधी तो रिपोर्ट घेऊन काकांकडे विचारायला जा. दाखवायला नको, विचारायला. फरक असा की दाखवायला जाताना तुझं मत तयार असतं, विचारायला जाताना एक रकाना मोकळा असतो. आम्ही शब्दशः तसंच केलं, जुन्या थकबाकीच्या वरच्या ८ पार्ट्या एका कागदावर, पुढे रक्कम, पुढे किती दिवस, आणि शेवटचा रुंद रकाना कोरा, हेडिंग "पार्टीची परिस्थिती". "जबाबदार" वगैरे काही नाही. पुतणे साहेबांनी कागद काकांपुढे ठेवला आणि म्हणाले, काका, लेजरमध्ये मला फक्त तारखा दिसतात, यांचं खरं काय चाललंय ते तुम्हालाच माहिती आहे, सांगाल तसं लिहून घेतो.

काकांनी चष्मा काढला, कागद लांब धरला, परत चष्मा लावला. पहिली दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग खिशातलं पेन काढून स्वतःच लिहायला लागले. दोन पार्ट्यांपुढे लिहिलं "देणार, हंगाम झाला की". एकापुढे "भावाभावात वाटण्या चालू, थांबावं लागेल". एकापुढे नुसती रेघ मारली आणि म्हणाले हा आता देत नाही, मला पण माहितीये, पण मी सांगू कोणाला. ते वाक्य ऐकण्यासाठी दीड महिन्याचा अबोला होता, असं मला तरी वाटलं. म्हणजे त्या माणसाला चूक माहिती होती, ती कबूल करायला सुरक्षित जागा नव्हती एवढंच.

पण खरी गंमत पुढे. तीन पार्ट्यांपुढे काकांनी लिहिलं "क्रेडिट नोट द्या आधी". म्हणजे माल खराब म्हणून परत आला होता, पार्टीने सांगितलं होतं की क्रेडिट नोट मिळाली की बाकीचं पेमेंट सोडतो, आणि क्रेडिट नोट काढायची कोणी, तर अकाउंट्सने. पुतण्याच्याच डिपार्टमेंटने. एक नोट ५ महिने पडून होती. ज्या ८ नावांवरून घर फुगलं त्यातल्या ३ पार्ट्यांचा उशीर त्याच्या स्वतःच्या टेबलावर होता. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण त्याने एक चांगलं काम केलं, तिथेच म्हणाला की काका हे माझ्याकडचं आहे, परवापर्यंत काढतो, आणि काढल्या. माझ्या मते त्या घरातला अबोला त्या तीन क्रेडिट नोटांनी संपला, माझ्या सल्ल्याने नाही. म्हणून तुला पहिलं काम हेच सांगतो, तुझ्या वरच्या दहा नावांत तुमच्याकडून पेंडिंग काय आहे ते शोध, क्रेडिट नोट, चुकीच्या रेटचं बिल, न पोचलेलं स्टेटमेंट, काहीही. जवळजवळ नेहमी सापडतं.

मग दुसरा टप्पा, नियम. इथे बहुतेक तरुण मंडळी घाई करतात आणि नियम भूतकाळावर लावतात. चालू भांडण ज्या पार्टीवरून आहे तिच्यावर नियम बनवला की तो नियम राहत नाही, निकाल होतो. नियम पुढच्या मालाचा बनवायचा, कोणाचं नाव डोळ्यासमोर नसताना. त्या धंद्यात आम्ही ठरवलं ते असं: पुढच्या महिन्यापासून कुठल्याही पार्टीचं बिल ६० दिवस ओलांडून गेलं की सॉफ्टवेअर नवीन मालाचं चलन काढू देणार नाही. हे लॉक उघडायचा अधिकार फक्त काकांकडे. पुतण्याला हे अजिबात पटत नव्हतं, म्हणाला मग उपयोग काय, ते रोज उघडतील. मी म्हटलं उघडू देत, पण उघडताना दोन गोष्टी टाकाव्या लागतील, पैसे कधी येणार ती तारीख आणि कारणाची एक ओळ. आणि उघडलेल्या लॉकची मिळून मर्यादा ४०, म्हणजे त्या १२०० च्या हिशोबातले ४०. मर्यादा भरली की नवीन सूट द्यायला जुनी एक वसूल करावी लागेल.

यात काय होतं बघ. काकांचा अधिकार काढून घेतला नाही, उलट कागदावर आला, आधी तो नुसता समजुतीचा होता. त्यांचं माणूस ओळखणं आता तारखेच्या रूपाने लिहिलं जातंय, आणि ती तारीख त्यांनी स्वतः दिलेली आहे. ती चुकली तर टीका करायची गरज कोणालाच पडत नाही, तारीख स्वतः बोलते. आणि एक फायदा असा की मित्राला नाही म्हणायचं ओझं काकांवरून उतरलं. पहिल्याच महिन्यात काका फोनवर बोलताना मी ऐकलंय, "अरे सिस्टीमच अडवते रे, मी काय करू", मागच्या ३० वर्षांत त्यांना हे वाक्य वापरायला मिळालं नव्हतं. मला वाटतं वयाने मोठ्या माणसाला नियम नको असतो असं नाही, नियमाचा मालक दुसरा कोणी झालेला नको असतो.

आकडा मात्र आठवड्याला एकदाच बघायचा, ठरलेल्या वेळी, आणि काकांनीच वाचून दाखवायचा. तिथे शुक्रवारी दुपारी २० मिनिटं ठेवली होती, दोघे भाऊ, पुतण्या, बस, स्टाफ नाही. एक पान. वर फक्त एक आकडा, किती दिवस. खाली उघडलेली लॉकं आणि त्यांच्या तारखा. कागद पुतण्या बनवायचा पण वाचायचे काका. ही छोटी गोष्ट आहे पण सोडू नकोस, जो वाचतो तो खुलासा करतो आणि जो ऐकतो तो प्रश्न विचारतो, उलटं केलं की तू सरकारी वकील आणि ते आरोपी अशी बैठक होते. वेळ ठरलेली असण्याचा अजून एक फायदा, आकडा वाईट असला तरी "आजच का काढलास हा विषय" असं म्हणता येत नाही. शुक्रवार आहे म्हणून काढला.

९ महिन्यांनी आकडा ९१ वरून ६८ वर आला. ४५ वर आला नाही, आणि माझ्या मते त्या धंद्यात कधी येणारही नाही, काही पार्ट्या मुळातच उशिरा देणाऱ्या आहेत आणि तेवढं धरूनच त्यांना रेट लावलेला असतो. एक जुनी पार्टी लॉकवरून रागावून गेली ती गेलीच. रेघ मारलेल्याचे पैसे बुडाले. हे सगळं सांगतोय कारण तू जर "सगळे पैसे ४५ दिवसांत" असं डोक्यात ठेवून बसलीस तर तुला ६८ हे अपयश वाटेल आणि तू परत सोमवारी कागद लावशील.

आता घरचं. काकू आणि आई. मरे बोवेन नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते, कुटुंबांवर त्यांचं काम मोठं आहे, त्यांनी त्रिकोण नावाची गोष्ट मांडली: दोन माणसांतला ताण वाढला की ते तिसऱ्याला ओढतात, त्याने दोघांना जरा हलकं वाटतं आणि मूळ ताण मात्र तसाच राहतो. तुमच्याकडे आत्ता निदान दोन त्रिकोण आहेत. काका, तू आणि बाबा हा एक, आणि ऑफिसचा ताण वाहून नेणारा काकू-आई-तू हा दुसरा. दुसरा जास्त धोकादायक, कारण आईला आणि काकूंना लेजर माहिती नाही, त्यांच्यापर्यंत फक्त कोण कोणाला काय बोललं एवढंच पोचतं, आणि ते पोचताना दर वेळी थोडं तिखट होतं.

यातून निघायचा रस्ता कंटाळवाणा आहे. आईने विचारलं काय झालं, तर तिला आकडे सांगू नकोस आणि काकांची बाजू पण सांगू नकोस. म्हण की कामातलं आहे, मी काकांशी बोलतेय, तू काकूंशी नेहमीसारखी बोल. तिला राग येईल, तिला तुझी बाजू घ्यायची असते. पण तिने बाजू घेतली की काकांना तुझ्याशी मिटवायच्या आधी आईशी मिटवावं लागतं आणि ते कधीच होत नाही. बाबांशी मात्र नीट बस. बाबा "विषय सोड" म्हणतायत ते भाऊ म्हणून म्हणतायत, मालक म्हणून त्यांना पण वाढलेली येणी टोचत असणार. त्यांना निरोप्या करू नकोस, "तुम्ही सांगा ना काकांना" हे बंद. थोरल्या भावाकडून आलेला निरोप हा आदेश असतो आणि त्यात तुझं नाव असतं. बाबांकडून एकच गोष्ट माग, शुक्रवारच्या बैठकीला हजर राहायचं आणि गप्प बसायचं. दुसरं त्यांना जास्त जड जाईल.

हे बिघडतंय कसं ओळखायचं ते पण सांगतो. काका चिडले, आवाज चढला, तर घाबरू नकोस, चिडलेला माणूस अजून गुंतलेला असतो. वाईट खूण म्हणजे गोड होकार. "हो हो, बघू" आणि कागद ड्रॉवरमध्ये, किंवा माझ्या दादासारखी फाइल येणं बंद, किंवा लॉक उघडण्याचं कारण दर वेळी एकच, "जुनी पार्टी", "जुनी पार्टी". सलग चार शुक्रवार बैठक काही ना काही कारणाने रद्द झाली तर समज की पद्धत मेलीये, परत आकड्यांकडे जाऊ नकोस, परत एकटं गाठून विचार की काका, यातलं काय जाचतंय. एका घरी उत्तर आलं होतं "ते कॉम्प्युटरवर मुलगा माझ्या नावाने लाल अक्षरं दाखवतो". रंग काळा केला, बैठक सुरू झाली. खरंच एवढंच होतं.

काही ठिकाणी मात्र हे चालत नाही. एक, जिथे उशीर हा उशीर नसून पैसा दुसरीकडे वळवला जातोय. पार्टीने दिलेले पैसे जमा दिसत नाहीत, किंवा पार्टीचं स्टेटमेंट आणि आपलं लेजर जुळत नाही आणि कोणी जुळवू देत नाही, तर मग हा टीका कशी करावी याचा प्रश्नच नाही. पार्टीकडून बाकीची लेखी खातरजमा मागव, बाबांना मालक म्हणून कागदासकट सांग आणि बाहेरचा ऑडिटर बसवायला लाव, तू स्वतः काकांना विचारायला जाऊ नकोस, पुतणी म्हणून तर नाहीच. दोन, जिथे दोन मालकांचंच आपसात ठरलेलं नाही. बाबा आणि काका यांच्यात हिश्श्यावरून, पुढे कोणाची मुलं काय करणार यावरून काही धुमसत असेल तर तुझा उधारीचा रिपोर्ट हा त्यांच्यासाठी त्या भांडणातला एक मोहरा आहे, तू कितीही नम्रपणे ठेव. तुझ्या केसमध्ये मला याची थोडी शंका येते, कारण काकूंपर्यंत गोष्ट फार लवकर गेली. काकांना मुलं असतील आणि ती धंद्यात नसतील तर तू अकाउंट्समध्ये काय करतेस हे काकूंच्या दृष्टीने नुसतं काम नाही. हे तुला सोडवता येणार नाही, दोघा भावांनीच बसून लेखी ठरवायचं आहे, तू फक्त बाबांना एकदा विचार की माझी इथली जागा नक्की काय आहे, काकांशी हे बोलणं झालंय का. बऱ्याच घरी झालेलं नसतं, मुलगी एक दिवस ऑफिसला यायला लागते आणि तेच धोरण.

आणि उलट बाजू, काका तुझी चूक काढतील ना आता, काढणारच, तेव्हा तुझी परीक्षा आहे. "बिल परत चुकलं, तुझं लक्षच नसतं" असं आलं तर "लक्षच नसतं" हे ऐकूच नकोस, वहीत फक्त "बिल चुकलं" लिही आणि विचार कुठलं बिल काका, नंबर सांगा. नंबर मिळाला की दुरुस्त कर आणि दुसऱ्या दिवशी सांगून ये. दोन-तीनदा असं झालं की ते पण नंबरावरच बोलायला लागतात. सगळेच लागतात असं नाही, पण माझा दादा लागला, त्याला २ वर्षं लागली. बोलणं मात्र अजून तसंच आहे, हल्ली नंबर सांगतो आणि मग म्हणतो लक्ष नसतं तुझं.

तर या आठवड्यात पेंडिंग क्रेडिट नोटा शोधून काढ, त्या निघाल्या की मग माफी, आणि त्यानंतरच्या आठवड्यात तो कोरा रकानावाला कागद. पेन सोबत नेऊ नकोस, त्यांचंच वापरू देत.